दोन गोण्यांतले दोन कांदे : ऑपरेशनच्या कागदावर अंगठा देण्याआधी

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक ठरलेला प्रकार होतो. सिस्टर फाइल घेऊन येते, शेवटच्या पानावर बोट ठेवून "इथं सही करा" म्हणते, आणि सही येत नसेल तर शाईचं पॅड पुढे सरकवते. अंगठा उमटतो, कापसाने शाई पुसली जाते, फाइल मिटते. एक मिनिटाचं काम. त्या पानावर काय लिहिलंय हे पेशंट विचारत नाही आणि त्याला कुणी सांगतही नाही.

मी नाशिकमध्ये जनरल सर्जरी करतो. निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण अशा सगळ्या भागांतून पेशंट येतात. त्यांच्यातल्या अनेकांना वाचता येत नाही, काहींना आपलं नाव लिहिण्यापुरतंच येतं. अशा माणसाकडून मिळालेली संमती खरी कशी मानायची, हे हर्नियाच्या एका पेशंटवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

## संमती म्हणजे कागद नव्हे

संमतिपत्र म्हणजे ऑपरेशनला होकार दिल्याचा कागद. होकार आधी तोंडी, समजून-उमजून झालेला असतो. कागद ही फक्त त्याची नोंद. जमिनीचा व्यवहार आधी बोलण्यात ठरतो आणि मग खरेदीखत होतं. बोलणंच झालं नसेल, तर त्या खताला अर्थ काय?

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात हेच सांगितलं. त्या रुग्ण महिलेने पोटात दुर्बीण घालून तपासायला आणि गरज पडली तर पोट उघडायला होकार दिला होता. ती भुलेत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, तपासणीला दिलेला होकार म्हणजे उपचाराला दिलेला होकार नव्हे; जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. डॉक्टरने काय सांगायलाच हवं तेही निकालात आहे : काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरे मार्ग कोणते, मोठे धोके कोणते, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. शेवटचे मुद्दे सगळ्यात आधी गाळले जातात. "दुसरा मार्ग काय" आणि "नाही केलं तर काय" हे प्रश्न पेशंटलाच सुचावे लागतात, आणि ज्याला कागद वाचता येत नाही त्याला ते सुचावेत कुठून?

## लासलगावचे मामा

मामा छप्पन्न वर्षांचे. लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याच्या गोण्या भरून ट्रकात चढवतात. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ. उभं राहिलं की दिसते, आडवं झालं की आत जाते. दुखत नाही, दिवसभराच्या कामानंतर थोडं ओढल्यासारखं होतं. बरोबर मामी आणि बारावी झालेला मुलगा.

ते आधी दुसरीकडे कुठेतरी जाऊन आले होते. तिथला छापील फॉर्म मुलाच्या पिशवीत होता. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं नाही, पण असं होतं : "सदर शस्त्रक्रियेचे स्वरूप, तीमध्ये उद्भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंती, बधिरीकरणाचे दुष्परिणाम व उपलब्ध पर्यायी उपचारपद्धती यांची मला माझ्या मातृभाषेत पूर्ण कल्पना देण्यात आली असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही." मुलाला वाचायला सांगितलं. त्याने अडखळत वाचलं. मी विचारलं, "कळलं काय?" तो म्हणाला, "म्हणजे नंतर भांडायचं नाही."

त्याला बरोबर कळलं होतं. त्या वाक्यात माहिती नाहीच. माहिती दिली होती एवढंच त्यात लिहिलंय, आणि तेही दवाखान्याच्या बचावासाठी.

## आधी आजार, मग ऑपरेशन

हर्नियाला जुन्या मराठीत अंतर्गळ म्हणतात, गावाकडे "आतडं उतरलंय" म्हणतात. मी सायकलचं टायर सांगतो. टायरला चीर पडली की आतली ट्यूब फुगून बाहेर डोकावते. पोटाची भिंत म्हणजे टायर, आतडं म्हणजे ट्यूब. गोळ्या-औषधांनी चीर बुजत नाही, बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यानेही नाही. पट्टा फक्त बाहेरून दाबून धरतो. ऑपरेशनमध्ये ट्यूब आत ढकलायची आणि चिरेवर गेटर टाकायचा. तो गेटर म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी. ती कायम आत राहते.

गेटर म्हटल्याबरोबर मामा हसले. खुर्चीवर सावरून बसले ते तेव्हा.

उपमा कुठवर चालते तेही सांगावं लागतं. ट्यूबमध्ये नुसती हवा असते, आतड्यात रक्त फिरतं. चिरेत आतडं आवळलं गेलं, तर रक्त बंद होऊन काही तासांत ते सडायला लागतं. ऑपरेशनची खरी घाई होते ती या एका गोष्टीमुळे.

## शेकडा की हजार?

धोका किती, हे सांगण्यात डॉक्टर सगळ्यात जास्त घोळ घालतात. "शक्यता कमी आहे" म्हणतात. मला कमी म्हणजे हजारात एक वाटतं, पेशंटला कमी म्हणजे दहात एक वाटू शकतं. आणि "धोका आहे का?" या प्रश्नाचा अर्थ आमच्या पेशंटच्या तोंडी बहुतेक वेळा "मरेन का?" एवढाच असतो. म्हणून मी धोका हा शब्द टाळतो. काय होऊ शकतं आणि किती जणांना होतं, असं बोलतो.

वाचता न येणाऱ्या माणसाला आकडे कळत नाहीत, ही शिकलेल्यांची समजूत. हमालाला शेकडा आडत किती, कट्टी किती कापली, हे माझ्यापेक्षा लवकर कळतं. त्याला आकडे त्याच्या मापात हवे असतात.

मामांना विचारलं, "पन्नास किलोच्या गोणीत कांदे किती बसतात?"

"मध्यम माल आसंल तर पाचशे धरा. गोल्टी आसंल तर लई जास्त."

"मग मध्यम मालाच्या दोन गोण्या म्हणजे हजार कांदे. हजार माणसं, तुमच्यासारखीच, गाठ आहे पण फारसा त्रास नाही. कुणीच ऑपरेशन केलं नाही. वर्षभरात त्यातल्या किती जणांचं आतडं अडकून एकदम पळापळ होईल?"

मामा म्हणाले, "निम्मे." मामी म्हणाल्या, "शंभर तरी."

साधारण दोन.

हा आकडा अमेरिकेतल्या एका अभ्यासातला आहे, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या. जेमतेम त्रास असलेल्या 720 पुरुषांपैकी काहींचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना लक्ष ठेवून थांबायला सांगितलं. थांबलेल्यांमध्ये आतडं अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनहून किंचित कमी निघालं. म्हणजे थांबणं हाही एक खराखुरा पर्याय आहे, आणि तो पेशंटच्या कानावर घालायलाच हवा.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धंच सांगितलं. थांबलेल्यांपैकी जवळपास पाव लोकांनी दोन वर्षांतच आपणहून ऑपरेशन करून घेतलं. पुढे दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला तेव्हा साधारण दोन तृतीयांश जण ऑपरेशनपर्यंत आले होते, बहुतेक दुखणं वाढलं म्हणून. थांबल्याने ऑपरेशन टळतंच असं नाही. बऱ्याचदा ते पुढे ढकललं जातं, एवढंच.

आता दुसरी बाजू, त्याच दोन गोण्यांत. हजार जणांचं ऑपरेशन केलं तर साधारण शंभर जणांना तीन महिन्यांनंतरही जांघेत काही ना काही दुखत राहतं. त्यातल्या बहुतेकांना ते सोसवतं. रोजचं काम अडेल असं दुखणं त्यांच्यातल्या थोड्यांनाच. दहा ते पन्नास जणांना गाठ पुन्हा होते, जाळी लावूनसुद्धा. थोड्यांच्या जखमेत पू होतो. कमरेत सुई देऊन भूल दिल्यावर वयस्कर पुरुषांची लघवी कधीकधी अडते आणि एखाद-दोन दिवस नळी घालावी लागते. अगदी थोड्यांच्या अंडकोषाचा रक्तपुरवठा कमी होऊन तो आकसतो. ठरवून केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये मृत्यू फार विरळा, पण आतडं अडकल्यावर घाईत केलेल्या ऑपरेशनमध्ये तो कित्येक पटींनी जास्त.

दोन्हीकडे मी हजारच धरले, ते मुद्दाम. एक आकडा "हजारात दोन" आणि दुसरा "शंभरात दहा" असा सांगितला तर ऐकणारा दोन आणि दहाच लक्षात ठेवतो, खालचं माप विसरतो. आणि दोन्ही बाजू बोलतो : शंभरांना दुखत राहतं, नऊशेंना राहत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल 1982 साली झालेल्या एका प्रयोगात तेच आकडे "इतके जगतात" असे सांगितले तर ऑपरेशन निवडणारे वाढले, "इतके मरतात" असे सांगितले तर घटले. त्या प्रयोगात डॉक्टरसुद्धा होते आणि तेही फसले. म्हणजे हा अडाणीपणाचा प्रश्न नाही.

एक बारकी गोष्ट राहतेच. थांबण्याचे "हजारी दोन" दर वर्षाचे आहेत, ऑपरेशनचे आकडे एकदाचे. दहा वर्षं थांबलं तर दोनाचे वीसच्या आसपास होतात. हे सांगितलं नाही तर तराजूचा काटा नकळत एका बाजूला झुकतो.

## अमेरिकेतला आकडा लासलगावला चालेल का?

हा आक्षेप रास्त आहे. त्या अभ्यासात गोण्या उचलणारे हमाल नव्हते. सगळे पुरुष होते. बायकांच्या जांघेतला हर्निया अडकण्याची शक्यता जास्त असते, त्यांना मी हा आकडा सांगत नाही आणि थांबायलाही सुचवत नाही. ज्यांना आधीच चांगलंच दुखतंय त्यांनाही तो लागू नाही.

अंतराचाही विचार करावा लागतो. आतडं अडकलं तर काही तासांत ऑपरेशन व्हायला हवं. लासलगावहून नाशिक साठेक किलोमीटर, रात्रीसुद्धा गाडी मिळते. सुरगाण्याच्या आतल्या पाड्यावरच्या माणसाला पावसाळ्यात रात्री दोन वाजता दुखू लागलं तर तो डांबरी रस्त्यापर्यंत कधी पोचणार? त्याच्यासाठी थांबण्याचं गणित वेगळं, आणि ते मी त्याला तसंच सांगतो. म्हणून आकड्यांनंतर माझा पहिला प्रश्न असतो : रात्री गाडी कुणाची मिळेल?

थांबायचं ठरलं तर धोक्याची खूण घरच्यांना तोंडपाठ हवी. आत जाणारी गाठ आत जाईना, कडक झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या, वारा सरेना : यातलं गाठीचं पहिलं लक्षण दिसलं तरी घरी दाबत बसायचं नाही, शेक द्यायचा नाही, सकाळची वाट बघायची नाही.

## "समजलं ना?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "हो"

काही वर्षांपूर्वी माझाच एक पेशंट ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी रडकुंडीला येऊन दारात उभा राहिला. अंडकोषाची पिशवी सुजून काळीनिळी पडली होती. त्याला वाटलं, डॉक्टरने काहीतरी भलतंच कापलं. तसं काही झालं नव्हतं. जांघेतलं रक्त खाली उतरून तसं दिसतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. मी त्याला हे आधी सांगितलं होतं, अगदी नक्की. शेवटी "समजलं ना?" विचारलं होतं आणि तो "हो सायेब" म्हणाला होता. आपल्याकडे डॉक्टरला "नाही समजलं" म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, किंवा स्वतःचा.

तेव्हापासून मी तो प्रश्न सोडला. आता थोडं सांगून झालं की थांबतो आणि विचारतो, "घरी गेल्यावर थोरला भाऊ विचारेल, काय म्हणाला डॉक्टर? तर काय सांगाल? मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय." परीक्षा माझी आहे, त्यांची नाही, असं म्हटल्यावर माणूस मोकळं बोलतो.

मामा म्हणाले, "चीर पडलीय. जाळी बसवणार. मंग परत व्हायचं नाही."

चूक इथे सापडली. जाळी म्हणजे कायमचा बंदोबस्त, असं त्यांनी धरलं होतं. मी पुन्हा "दहा ते पन्नास" म्हटलं नाही, कारण तेच शब्द मोठ्याने म्हटल्याने कळत नाही. विचारलं, "गेटर टाकलेलं टायर पुन्हा कधीच फुटत नाही का?" "फुटतं की. पर लवकर नाही फुटत." मग त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं आणि यावेळी बरोबर सांगितलं. लघवीच्या नळीचं ते विसरले होते, ते मामींनी आठवण करून दिलं. मामींना लक्षणंही मामांपेक्षा पाठ झाली होती.

एका दमात सगळं सांगायचं नाही, ही यातली सवय. आजार सांगितला, परत सांगून घेतला. ऑपरेशन सांगितलं, परत सांगून घेतलं. मग काय बिघडू शकतं, मग दुसरे मार्ग. मामांना दुसरे मार्ग तीन होते : थांबणं, जांघेत चीर घेऊन जाळी, किंवा दुर्बिणीतून जाळी, ज्यात पूर्ण भूल लागते आणि दुखणं सहसा कमी असतं. हे सगळं आदल्या संध्याकाळी वॉर्डात नव्हे, ओपीडीत, नेसत्या कपड्यांत. स्ट्रेचरवर गाऊन चढवलेला माणूस "नको" म्हणू शकत नाही.

## "मुलगा शिकलेला आहे, त्याला सांगितलं की झालं"

नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाचा होकार त्याचाच लागतो. मुलगा, नवरा, सरपंच कुणाचा चालत नाही. नातेवाईक जवळ असावेत, आधार असतो. पण दुभाषा म्हणून ते घातक ठरू शकतात. सुरगाण्याची कोकणा बोलणारी आजी असो की बागलाणची अहिराणी बोलणारी, मी पाच वाक्यं बोलतो आणि नातू एकच सांगतो : "डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा." वाईट हेतू नसतो; आजी घाबरू नये म्हणून तो गाळतो. अशा वेळी मी त्याच भाषेच्या सिस्टरला किंवा वॉर्डबॉयला बोलावतो, आणि परत सांगायचं ते आजीने, नातवाने नव्हे.

अंगठ्याशेजारच्या साक्षीदाराचंही असंच. "माझ्यासमोर वाचून दाखवलं आणि पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितलं" याची ती साक्ष. संवाद ऐकलाच नसेल तर त्या सहीचा उपयोग काय? म्हणून मी साक्षीदाराला आधीपासून खोलीत बसवतो.

## "सगळं सांगितलं तर पेशंट घाबरून पळेल"

डॉक्टर मित्र हे हमखास म्हणतात. काही जण घाबरतात, खरं आहे. पण सगळं सांगा असं कायदाही म्हणत नाही. 2008 च्या त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केलंय की फार दुर्मिळ, कागदोपत्री शक्यता ऐकवून रुग्णाला भेदरवण्याची गरज नाही. मी दोन चाळण्या लावतो : जे बऱ्याच जणांना होतं ते सांगायचं, आणि जे विरळ पण आयुष्य बदलणारं आहे ते सांगायचं. सूज-काळानिळेपणा पहिल्या चाळणीतला, अंडकोष आकसणं दुसऱ्या.

एखादा म्हणतो, "सायेब, तुमीच ठरवा." त्याचा मी मान ठेवतो, पण आधी एक विचारतो : घरचं माणूस असतं तर काय केलं असतं हे सांगू, की सगळं सांगू आणि तुम्ही ठरवाल? बरेच जण दोन्ही मागतात.

वेळेचं म्हणाल तर मामांना बावीस मिनिटं लागली. गर्दीच्या ओपीडीत ती काढणं जड जातं हे कबूल. म्हणून टायर आणि जाळीचं चित्र सिस्टर आधी दाखवून ठेवते, आणि हजार ठिपक्यांचा एक कागद मी बनवून घेतलाय. थांबण्याचे दोन ठिपके लाल, दुखण्याचे शंभर निळे. मामांनी त्यातले लाल ठिपके शोधायलाच बराच वेळ लावला.

फॉर्मही बदलला. वाक्यं छोटी, कर्ता समोर : "डॉक्टर माझ्या उजव्या जांघेत जाळी बसवणार आहेत. जाळी आत राहील. हजारात शंभर जणांना पुढेही दुखतं. गाठ पुन्हा होऊ शकते. मी थांबूही शकतो. मी आत्ताही नाही म्हणू शकतो." वकील मित्राला तो फार साधा वाटला. मी म्हटलं, कोर्टात वाचायलाही सोपा जाईल.

## मामांनी काय ठरवलं

तेव्हा मार्च होता. उन्हाळ कांदा बाजारात यायला लागलेला, खळ्यावर कामच काम. ऑपरेशननंतर मी जड उचलायला चार ते सहा आठवडे नको म्हणतो. मामांसाठी तो आकडा बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा होता. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "पाऊस पडला की येतो. तवर मामीला खूण पाठ आहे."

जुलैत आले. गाठ तेवढीच होती, संध्याकाळचं ओढणं वाढलं होतं. मी फॉर्म वाचून दाखवायला घेतला तर मामांनी हात वर केला, "थांबा, मी सांगतो, तुमी बघा." टायरपासून सुरुवात केली. लघवीच्या नळीपाशी येऊन अडले, मामींकडे पाहिलं. मामी गप्प बसल्या, मुद्दाम. मग मामांना आठवलं. त्यानंतर त्यांनी पॅड स्वतःकडे ओढून घेतलं.